तेरा हजारांची शिलाई मशीन: कुठल्या क्षणी कुणाच्या "हो"ने करार होतो?

*मी बेळगावात एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम. कॉन्ट्रॅक्टच्या स्लाइड्समध्ये ऑफर, ॲक्सेप्टन्स आणि कन्सिडरेशन अशा तीन वेगळ्या भागांत व्याख्या आणि केसेस दिल्यात. पाठ झाल्यात, पण प्रॉब्लेम सोडवायला दिला की कुठली कुठे लावायची तेच कळत नाही. दुकानातल्या एखाद्या साध्या भांडणावरून कुणी समजावून सांगेल का?*

स्लाइड्स थोडा वेळ मिटून ठेवा. मी बेळगावच्या कोर्टांत बरीच वर्षं दिवाणी कामं करतो. माझ्याकडे आलेलं एक लहानसं भांडण सांगतो. ते कोर्टापर्यंत गेलंच नाही, माझ्या ऑफिसातच मिटलं. पण तुमचे तिन्ही भाग त्यात एकमेकांत गुंतलेले आहेत. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदललेत.

खानापूर तालुक्यातल्या एक बाई, घरी ब्लाऊज-फॉल-पिकोची कामं करणाऱ्या. मंगळवारी त्या बेळगावात खडे बाजाराच्या बाजूला एका दुकानात गेल्या. दुरुस्त करून, मोटर बसवून विकायला ठेवलेली एक जुनी शिलाई मशीन त्यांना आवडली. तिच्या चाकाला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर स्केचपेननं १४,५०० लिहिलेलं. पुढचं बोलणं दोघांनीही मला जवळजवळ सारखंच सांगितलं, म्हणून ते जसंच्या तसं देतो.

"बारा हजाराला द्या की."

"नाही परवडत अक्का. तेरा हजार, शेवटचं. न्यायची असली तर घेऊन जावा."

"घरात विचारून सांगते. शनिवारपर्यंत ठेवा की मला."

"आयतु री, ठेवतो."

पैसे काही दिले नाहीत, फोन नंबर तेवढे घेतले. गुरुवारी रात्री बाईंनी व्हॉट्सॲपवर विचारलं, "तेरा हजारातच नवीन पट्टा आणि बॉबिन केस मिळेल का?" दुकानदारानं उत्तर दिलं नाही. शुक्रवारी दुपारी बारा वाजता हुक्केरीकडचा एक टेलर आला, रोख १४,००० मोजले आणि मशीन घेऊन गेला. शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी बाईंचा मेसेज आला, "तेरा हजार ठीक आहे. उद्या पैसे घेऊन येते." मेसेजपुढे दोन टिकल्या लगेच आल्या. दुकानदारानं संध्याकाळी सातला तो वाचला आणि उत्तर दिलं, "मशीन गेली अक्का."

दुकानदाराचं म्हणणं असं: संचकार, म्हणजे विसार, दिला नाही, पावती नाही, मग कसला व्यवहार? बाईंचं म्हणणं असं: शनिवारपर्यंत ठेवतो म्हणाले होते, शब्द म्हणजे शब्द. कायद्याच्या दृष्टीनं दोघांचीही कारणं चुकीची आहेत. तरीही बाजू बाईंची बरोबर आहे, आणि ती का हे शोधणं म्हणजेच तुमचा प्रॉब्लेम सोडवणं.

माझी पद्धत एवढीच आहे. वेळा एकाखाली एक लिहायच्या आणि प्रत्येक वेळेपुढे एकच प्रश्न विचारायचा: या क्षणी कुणी नुसतं "हो" म्हटलं तर करार पूर्ण होईल? ज्याच्या "हो"ने होईल, त्याच्यासमोर प्रस्ताव उभा आहे. कुणाच्याच "हो"ने होत नसेल तर प्रस्ताव अजून जन्मलेला नाही, नाहीतर मेलेला आहे. स्लाइडवर व्याख्या एका जागी स्थिर असते. भांडणात मात्र हा "हो" म्हणण्याचा अधिकार एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो, आणि तो कुठे आहे हेच पाहायचं असतं.

मंगळवारी बाई दुकानात शिरल्या तेव्हा पुठ्ठ्यावर १४,५०० होते. त्यांनी तेव्हाच "घेतली" म्हटलं असतं तर? करार झाला नसता. मांडलेला माल आणि त्यावरची किंमत हा प्रस्ताव नसतो, ते गिऱ्हाइकाला प्रस्ताव करायचं निमंत्रण असतं. फिशर विरुद्ध बेल (१९६१) या खटल्यातला काचेमागचा चाकू आणि बूट्सच्या औषध दुकानाचा १९५३ चा खटला तुमच्या स्लाइडवर असतीलच, ते इथे लागतात. कारणही व्यवहारी आहे. पुठ्ठाच प्रस्ताव मानला आणि एकाच मशीनसाठी तिघांनी "घेतली" म्हटलं, तर दुकानदार तिघांशी बांधला जाईल.

मग बाई म्हणाल्या, "बारा हजाराला द्या की." हा या गोष्टीतला पहिला प्रस्ताव, आणि तो गिऱ्हाइकानं केलेला आहे. मुलं इथे नेहमी चुकतात, कारण प्रस्ताव विकणाराच करतो असं डोक्यात बसलेलं असतं. त्या क्षणी दुकानदारानं "आयतु" म्हटलं असतं तर बारा हजारांना करार झाला असता. तो "नाही परवडत" म्हणाला आणि बाईंचा प्रस्ताव तिथेच संपला. समजा दुसऱ्या दिवशी त्यानं फोन करून "चला, बाराला घेऊन जावा" म्हटलं असतं, तरी बाई बांधल्या गेल्या नसत्या. तो त्याचा नवा प्रस्ताव ठरला असता.

आता त्याचं पुढचं वाक्य बघा. "तेरा हजार, शेवटचं. न्यायची असली तर घेऊन जावा." हा प्रस्ताव आहे का? इथे थांबून शब्द तपासायचे. समजा तो फक्त "तेरा हजाराच्या खाली परवडत नाही" एवढंच म्हणाला असता. अशा वाक्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९५१ चा निकाल आहे, मॅकफर्सन विरुद्ध अप्पण्णा, आपल्याच कर्नाटकातल्या मडिकेरीच्या एका बंगल्याचा. दहा हजारांपेक्षा कमी घेणार नाही असं मालकानं कळवलं, घेणाऱ्यानं "दहा हजार मान्य" म्हटलं, आणि न्यायालयानं करार झाला नाही असं ठरवलं. कमीत कमी किती हवेत हे सांगणं आणि तेवढ्याला देतो म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्वी विरुद्ध फेसी (१८९३) चंही सूत्र हेच. आमच्या दुकानदारानं मात्र "घेऊन जावा" हे शब्द जोडले. त्यातून समोरच्यानं हो म्हटलं की मी बांधला जाईन, ही तयारी दिसते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २(ए) मध्ये प्रस्तावाचा गाभा हाच सांगितला आहे: दुसऱ्याची संमती मिळवण्यासाठी स्वतःची तयारी दाखवणं. म्हणून मंगळवारी दुपारी अधिकार बाईंच्या हातात आला. त्यांचा "हो" आला की तेरा हजारांना करार.

"शनिवारपर्यंत ठेवतो" या शब्दाची किंमत किती? बाईंची सगळी भिस्त त्याच्यावर होती, आणि मला त्यांना सांगावं लागलं की त्याची कायद्यात किंमत शून्य आहे. इथे तुमचा तिसरा भाग, म्हणजे कन्सिडरेशन, येतो. मराठीत प्रतिफल म्हणा, शेजारच्या कन्नड मित्रालाही तोच शब्द कळेल. मशीन विकण्याचं वचन एक, आणि शनिवारपर्यंत दुसऱ्याला न विकण्याचं वचन दुसरं. ही दोन वचनं वेगळी ठेवा. दुसऱ्या वचनासाठी बाईंनी काय दिलं? काहीच नाही. प्रतिफल नसलेला करार कलम २५ प्रमाणे निरर्थक असतो, त्याला असलेले अपवाद इथे लागत नाहीत. म्हणून दुकानदार शनिवारच्या आधी मागे हटायला मोकळा होता. कलम ५ सांगतं की स्वीकृतीचं कळवणं प्रस्ताव करणाऱ्यापुरतं पूर्ण होईपर्यंत प्रस्ताव कधीही मागे घेता येतो.

बाईंनी त्या दिवशी "शनिवारपर्यंत राखून ठेवायचे हे घ्या" म्हणून पाचशे रुपये दिले असते तर चित्र पालटलं असतं. आपल्या भागात त्याला संचकार म्हणतात, कुणी विसार म्हणतात. मग ठेवण्याच्या वचनालाही प्रतिफल मिळालं असतं आणि शनिवार संपेपर्यंत दुकानदाराला हटता आलं नसतं. तेरा हजारांच्या वस्तूपुढे पाचशे कमी आहेत का, हे कायदा विचारत नाही. प्रतिफल पुरेसं नाही एवढ्यावरून करार निरर्थक होत नाही, असं कलम २५ च्या स्पष्टीकरणातच आहे. दुकानदाराच्या मनात "संचकार नाही म्हणजे काहीच नाही" हा गैरसमज बसला होता, त्याचं मूळ इथे आहे. संचकार नसल्यामुळे त्याला मागे घ्यायची मोकळीक होती, इतकंच. संचकाराशिवाय करार होतच नाही, असं मात्र नाही.

गुरुवारचा मेसेज परीक्षकांना फार आवडतो, म्हणून त्याला जास्त जागा देतो. "तेरा हजारातच नवीन पट्टा आणि बॉबिन केस मिळेल का?" दुकानदाराच्या भावानं माझ्यासमोर हा मेसेज दाखवून मुद्दा मांडला की बाईंनी अट घातली, म्हणजे आमचा प्रस्ताव नाकारला, म्हणजे तो तिथेच मेला. मुद्दा हुशार होता. हाइड विरुद्ध रेंच (१८४०) मध्ये असंच घडलं. हजार पौंडांना शेत देऊ केलेलं, घेणारा साडेनऊशे म्हणाला, नकार मिळाल्यावर "बरं, हजार" म्हणाला, आणि न्यायालय म्हणालं की साडेनऊशे म्हणताक्षणी हजाराचा प्रस्ताव संपला. कलम ७ लाही स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त लागते.

पण बाईंच्या वाक्याचा शेवट बघा. "मिळेल का?" हा प्रश्न आहे. त्यांनी "नवीन पट्टा दिलात तरच तेरा हजार" असं लिहिलं असतं तर तो प्रतिप्रस्ताव ठरला असता आणि जुना प्रस्ताव गेला असता. प्रश्न विचारल्यानं प्रस्ताव मरत नाही, हे स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन (१८८०) या लोखंडाच्या सौद्यातल्या खटल्यात आलं आहे. तिथे घेणाऱ्यानं माल दोन महिन्यांत टप्प्याटप्प्यानं घेता येईल का एवढंच विचारलं होतं. मराठीत हा सगळा फरक "का" आणि "तरच" या दोन शब्दांत मावतो. प्रॉब्लेममध्ये असं वाक्य दिसलं की त्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारा आणि उत्तरात तो शब्द उद्धृत करा. इंग्रजीत दिलेल्या प्रॉब्लेमलाही हीच सवय लावा.

दुकानदारानं उत्तर दिलं नाही, त्यातून पट्टा द्यायचं त्यानं कबूल केलं असा अर्थ निघत नाही. गप्प बसणं म्हणजे स्वीकृती नव्हे. फेल्टहाउस विरुद्ध बिंडली (१८६२) मधल्या काकानं पुतण्याला लिहिलं होतं की उत्तर आलं नाही तर घोडा माझा समजेन, आणि घोडा त्याचा झाला नाही. तर गुरुवारी रात्रीही बाईंच्या हातातला "हो" शाबूत होता, पण पट्ट्याविना.

आता शुक्रवारचा दिवस, ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे. बारा वाजता मशीन हुक्केरीला गेली. दुकानदार म्हणतो की विकली म्हणजे प्रस्ताव मागे घेतलाच की. नाही. मागे घेणं ही मनातली किंवा दुकानातली घटना नसते, ती समोरच्याला कळवावी लागते. कलम ६ मध्ये प्रस्ताव करणाऱ्यानं दुसऱ्या पक्षाला कळवण्याचा उल्लेख आहे, आणि कलम ४ म्हणतं की मागे घेतल्याचं कळवणं दुसऱ्यापुरतं पूर्ण होतं ते त्याला माहीत झाल्यावर. बारा ते चार दहा या चार तासांत दुकानदारानं एक ओळ लिहिली असती, "अक्का, मशीन गेली", आणि बाईंनी ती वाचली असती, तर तो पूर्ण सुटला असता. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ फोनकडे बघत राहिला.

इथे स्लाइडवरचा डिकिन्सन विरुद्ध डॉड्स (१८७६) सरळ चिकटवू नका. तिथे घर दुसऱ्याला विकायला काढल्याचं घेणाऱ्याला तिसऱ्या माणसाकडून आधीच कळलं होतं, आणि ते पुरेसं मानलं गेलं. आपल्या कलम ६ चे शब्द "प्रस्ताव करणाऱ्यानं" कळवण्याचे आहेत, त्यामुळे तिसऱ्याकडून कळलेलं आपल्याकडे पुरतं का, यावर वाद घालता येतो. आमच्या भांडणात तो वाद निघालाच नाही, कारण बाईंना कुणाकडूनच काही कळलं नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी "तेरा हजार ठीक आहे" लिहिलं. पट्टा नाही, केस नाही, अट नाही. "उद्या पैसे घेऊन येते" ही अट नव्हे, पैसे कधी देणार ते त्यांनी सांगितलं, आणि शनिवार दुकानदाराला मान्यच होता. दुकानदार म्हणाला, मी सातला वाचलं. मेसेज त्याच्या फोनवर पोचला तेव्हाच पोचला, त्यानं जेवून, गल्ला मोजून सवडीनं वाचला म्हणून वेळ सरकत नाही. फोनवरच्या बोलण्यातली स्वीकृती समोरच्याला ऐकू येईल तिथे पूर्ण होते, असं सर्वोच्च न्यायालयानं भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल (१९६६) मध्ये ठरवलं, आणि टपालाचा नियम त्याहून वेगळा, हे तुम्ही वाचलं असेल. व्हॉट्सॲप कुठल्या गटात टाकायचं यावर परीक्षेत पान भरता येईल. पण इथे कुठलाही नियम लावा, करार चार दहालाच होतो. सातचा "मशीन गेली" हा मागे घेण्याचा मेसेज उरत नाही, ती करार मोडल्याची कबुली ठरते.

आणि प्रतिफल? दुकानदार पुन्हा म्हणाला, एक रुपया दिला नव्हता. कलम २(डी) नीट वाचा. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून दुसऱ्यानं काही केलं, करतो आहे, किंवा करायचं वचन दिलं, तरी ते प्रतिफल. बाईंनी तेरा हजार द्यायचं वचन दिलं, दुकानदारानं मशीन द्यायचं. वचनासाठी वचन पुरतं. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ५ प्रमाणेही पैसे किंवा ताबा नंतर द्यायचं ठरवून विक्रीचा करार तोंडी होतो. लेखी पावती हा पुराव्याचा भाग, कराराचा प्राण नव्हे.

मग बाईंना मशीन मिळाली का? नाही, आणि मिळणारही नव्हती. हुक्केरीच्या टेलरनं दुपारी बाराला विकत घेतली तेव्हा मालक दुकानदारच होता, बाईंचा करार नंतर झाला. त्यामुळे टेलरची मालकी पक्की, त्याच्या दारात जाऊन उपयोग नव्हता. बाईंच्या हाती राहिली ती कलम ७३ ची नुकसानभरपाई. ती ठरवताना मी त्यांना तशाच, मोटर बसवलेल्या जुन्या मशीनच्या किमती दोन-तीन दुकानांत विचारायला लावल्या. स्वस्तातली १४,२०० ला मिळत होती. करारातली किंमत १३,०००, बाजारातली १४,२००, फरक १,२००. मागणी एवढीच. लग्नसराईची शिवणकामं गेली त्याचे पैसे मागायचे होते बाईंना. पण ती कामं हातात आहेत आणि ही मशीन त्यासाठीच लागते हे त्यांनी करार ठरताना दुकानदाराला सांगितलं नव्हतं. शिवाय बाजारात दुसरी मशीन मिळत असताना न घेता बसून नुकसान वाढू देता येत नाही. तो मुद्दा मी सोडून द्यायला लावला.

शेवटी दुकानदारानं स्वतःहून तोडगा काढला. पुढच्या आठवड्यात तशीच एक मशीन येणार होती, ती तो तेरा हजारांना देईल, आणि बाई शुक्रवारचा विषय सोडतील. मी तेवढं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, आणि मशीन येण्याची तारीख घातली. बाईंनी विचारलं, मी त्यांना आत्ता काय देते आहे? तुम्ही या मुलांसारखाच प्रश्न विचारता आहात, असं म्हणालो. त्या आपला बाराशेचा हक्क सोडत होत्या. खऱ्या हक्काबद्दल दावा न करण्याचं वचन हेही प्रतिफल असतं. नुसतं "पुढच्या वेळी कमी करून देतो" म्हणून त्यांना परत पाठवलं असतं, तर ते शनिवारच्या वचनासारखंच हवेत गेलं असतं. नवी मशीन तारखेच्या दोन दिवस आधी आली, आणि त्या वेळी बाईंनी दुकानात उभ्या उभ्याच पैसे मोजले.